‘हाउ डू आय लव्ह दी?’ ही ओळ मराठीत आणायची असेल तर

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या कार्डावर एक ओळ छापायची होती. कॉलेजात असताना तिनं वाचलेली, एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सॉनेटमधली: ‘हाउ डू आय लव्ह दी? लेट मी काउंट द वेज.’ भाची म्हणाली, “मावशी, मराठीत करून दे. पण आजीला वाचून कळली पाहिजे.” मला वाटलं, एवढीशी ओळ, तासाभराचं काम. पहिल्या संध्याकाळी मी लिहिलं ते असं होतं:

‘कैसे मी तुजवर प्रेम करिते? मोजू दे मज मार्ग सारे.’

कागद आईच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, “कुठं जायचे मार्ग?” त्या प्रश्नानंतर ही ओळ मी तीन आठवडे घोळवली. तुम्हाला ही किंवा अशी एखादी ओळ पत्रिकेसाठी, पत्रासाठी किंवा स्वतःच्या वहीसाठी मराठीत करायची असेल, तर माझे तीन आठवडे तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे लिहिते आहे. पूर्ण सॉनेटचा अनुवाद हे वेगळं आणि मोठं काम आहे. इथं मी एकाच ओळीबद्दल बोलणार आहे. तरी बाकीच्या ओळी लागतातच, का ते पुढं येईल.

हाताशी काय हवं

पूर्ण चौदा ओळींचं सॉनेट, कागदावर, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. मूळ कवयित्री १८६१ साली वारल्या, त्यामुळे कवितेवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. ती सहज मिळते आणि अनुवाद छापायला परवानगी लागत नाही.

एक इंग्रजी-मराठी आणि एक मराठी शब्दकोश. शक्य असेल तर कँडीचा जुना इंग्रजी-मराठी कोश चाळा. तो १८४७ साली छापला गेला, म्हणजे ही कविता लिहिली गेली त्याच सुमाराचा आहे. शब्दांच्या जुन्या छटा त्यात दिसतात. पण त्यातला शब्द उचलून ओळीत ठेवायचा नाही. तो फक्त अर्थ समजून घ्यायला.

पेन्सिल आणि खोडरबर. मी सगळे खर्डे तारीख घालून ठेवले होते. चौथ्या दिवशी खोडलेला शब्द बाराव्या दिवशी परत घ्यावासा वाटतो, तेव्हा तो का खोडला होता हे समोर असावं लागतं.

आणि एक माणूस, ज्यानं मूळ ओळ वाचलेली नाही. माझ्याकडे आई होती.

१. ही ओळ कोण, कुणाला म्हणतंय ते आधी ठरवा

एलिझाबेथ बॅरेट आजारपणामुळे लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवरच्या घरात बहुतेक वेळ आपल्या खोलीतच असत. वय अडतिशीच्या पुढं, कवयित्री म्हणून नाव झालेलं, आणि वडील असे की मुलांपैकी कुणी लग्न केलेलं त्यांना चालत नसे. जानेवारी १८४५ मध्ये त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या रॉबर्ट ब्राउनिंग यांचं पहिलं पत्र आलं. त्याच वर्षी २० मे रोजी दोघं पहिल्यांदा भेटले आणि १२ सप्टेंबर १८४६ रोजी त्यांनी घरच्यांना न सांगता लग्न केलं. या दीड-पावणेदोन वर्षांत लिहिलेल्या ४४ सॉनेटांपैकी ही त्रेचाळिसावी. १८५० साली ती छापली गेली तेव्हा संग्रहाचं नाव असं ठेवलं होतं की वाचणाऱ्याला या कविता पोर्तुगीजमधून आणल्या आहेत असं वाटावं. इतक्या खाजगी होत्या त्या.

हे सगळं कार्डावर येत नाही. पण त्यातून दोन गोष्टी ठरतात. बोलणारी बाई आहे. आणि ती सभेत बोलत नाही, समोर बसलेल्या एकाच माणसाशी हळू आवाजात बोलते आहे. मी ‘मोजू दे मज’ लिहिलं तेव्हा माझ्या कानात एक मंच आणि माईक होता. तिथंच चूक झाली होती.

२. मूळ ओळ किती साधी आहे ते मोजून बघा

मूळ ओळीत दहा शब्द आहेत. दहाही शब्द एकेका उच्चाराचे आहेत. हाउ, डू, आय, लव्ह, दी. लेट, मी, काउंट, द, वेज. त्यातला एकच शब्द, ‘दी’, तेव्हाही रोजच्या बोलण्यातून गेलेला होता. बाकीचे नऊ इंग्रजी बोलणारं लहान मूलही वापरतं. पाच शब्दांचा प्रश्न आणि पाच शब्दांचं उत्तर, मधे प्रश्नचिन्हाचा थांबा.

म्हणून ‘कैसे’, ‘तुजवर’, ‘मज’, ‘प्रीती’, ‘गणना’ हे शब्द इथं मुळातच चुकीचे आहेत, केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मूळ बाई जे बोललेली नाही ते आपण तिच्या तोंडी घालतो.

हे शब्द आपल्या हातून का लिहिले जातात, तेही सांगते. मराठीत सॉनेटला सुनीत म्हणतात, आणि शाळेत वाचलेली बरीच सुनीतं शार्दूलविक्रीडित वृत्तातली असतात. त्या वृत्तात प्रत्येक ओळीत १९ अक्षरं, कुठलं लघु आणि कुठलं गुरु हेही ठरलेलं. तिथं ‘तुझ्यावर’ बसत नाही तेव्हा ‘तुजवर’ लागतं, ‘तुझे’ बसत नाही तेव्हा दोन लघूंचं ‘तव’ लागतं. वृत्ताच्या गरजेतून आलेले ते शब्द आपल्या डोक्यात ‘कवितेचे शब्द’ म्हणून बसलेले असतात. तुम्ही वृत्तात लिहीत नसाल तर त्यांची काहीच गरज उरत नाही.

३. ‘हाउ’: कसं, किती, की कसं कसं?

सगळ्यात जास्त वेळ मला या शब्दानं लावला.

पहिला सापळा. ‘मी तुझ्यावर कसं प्रेम करू?’ असं लिहिलं की मराठीत त्याचा अर्थ होतो, ‘कसं शक्य आहे मला?’ म्हणजे नकारच. ‘मी तुझ्यावर कसं प्रेम करते?’ हे त्याहून बरं, पण त्यातही गोंधळल्यासारखा सूर येतो, जणू तिचं तिलाच नवल वाटतंय. मूळ प्रश्नात शंका नाही. प्रेम आहे हे ती धरून चालली आहे. विचारते आहे ते पुढचं.

दुसरा सापळा ‘किती’. ‘माझं तुझ्यावर किती प्रेम आहे’ हे कानाला अगदी गोड आणि घरगुती लागतं. मी आठवडाभर त्यावरच खूश होते. मग पुढच्या ओळी लावून बघितल्या. दुसऱ्या ओळीत खोली, रुंदी, उंची आहे, ते ‘किती’चं उत्तर होतं. पण सातव्या ओळीत ती म्हणते की हे प्रेम आपणहून आहे, आठव्या ओळीत म्हणते निर्मळ आहे. ‘किती?’ असं विचारल्यावर ‘आपणहून’ हे उत्तर कुणी देत नाही. नवव्या ओळीत ती जुन्या दुःखांमध्ये ओतलेली असोशी आणते, तेही ‘किती’त मावत नाही. ‘किती’ घेतलं की प्रश्न लहान होतो आणि अर्ध्या कवितेला उत्तर द्यायला जागाच राहत नाही.

सुटका झाली ती स्वयंपाकघरात. आई कुणाला तरी फोनवर विचारत होती, “मग काय काय केलंस? कसं कसं केलंस ते सांग.” आपल्याकडे प्रश्नाचा शब्द दोनदा आला की समोरच्याला कळतं, एक उत्तर नको आहे, यादी हवी आहे. कोण कोण आलं? कुठं कुठं गेलात? ‘कसं कसं’ म्हटलं की मोजण्यासारखं बरंच काही आहे हे आपोआप आलं. इंग्रजीला त्यासाठी शेवटी ‘वेज’ हा वेगळा शब्द लागतो. आपल्याला लागत नाही.

एक सावधगिरी. ‘कसं कसं’ला ‘होतं’ किंवा ‘होतंय’ चिकटवू नका. ‘कसंकसं होतंय’ म्हणजे मळमळतंय, अस्वस्थ वाटतंय. आणि याच कारणासाठी ‘कसा कसा’च्या शेजारी ‘जीव’ नको. मी एकदा ‘कसा कसा जीव आहे माझा तुझ्यावर’ लिहिलं होतं. आई म्हणाली, “बरं वाटत नाहीये का तिला?”

४. ‘लव्ह’: प्रेम की जीव?

‘मी तुझ्यावर प्रेम करते’ हे वाक्य चूक नाही. पण घरात, खऱ्या माणसांच्या तोंडी ते क्वचित येतं. आपण म्हणतो ‘माझं त्याच्यावर प्रेम आहे’, ‘त्याचा पोरीवर फार जीव आहे’. ‘करते’ आलं की प्रेम हे एखादं काम होतं. ‘आहे’ म्हटलं की ते असतंच. म्हणून पहिली दुरुस्ती: ‘प्रेम करते’ काढा, ‘प्रेम आहे’ ठेवा.

मग ‘जीव’ का नको? माझंही मन तिकडंच ओढलं होतं. ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ यात जेवढी ऊब आहे तेवढी ‘प्रेम’ या शब्दात नाही. तो शब्द मी पाच दिवस ठेवला आणि मग सॉनेटच्या शेवटाशी आले. बाराव्या-तेराव्या ओळीत ती म्हणते, सगळ्या आयुष्यातल्या श्वासानं, हसण्यानं, आसवांनी हे प्रेम आहे. आणि शेवटी, देवाच्या मनात असेल तर मरणानंतर ते आणखीच वाढेल. पहिल्या ओळीतच ‘जीव’ वापरला तर शेवटी तो श्वास आणि ते आयुष्य नव्यानं देता येत नाही, ते आधीच खर्च झालेलं असतं. त्याहून अवघड म्हणजे, जीव गेल्यावर ‘जीव’ असणार कुठून? जो शब्द मरणाशी थांबतो तो या कवितेला पुरत नाही. ‘प्रेम’ पुरतो.

तुम्हाला फक्त एकच ओळ हवी असेल, पुढची कविता कधीच लागणार नसेल, तर ‘जीव’ घ्यायला माझी हरकत नाही. पण मग ‘किती जीव आहे माझा तुझ्यावर’ असं सरळ म्हणा आणि मोजणं सोडून द्या. ती वेगळी, स्वतंत्र ओळ झाली.

‘भक्ती’ हा शब्दही अनेकांना सुचतो, कारण या कवितेत समर्पण आहे, आणि देव, श्रद्धा, संत हे सगळं पुढं येतंच. पण ते पुढं येतं. लहानपणच्या श्रद्धेनं मी प्रेम करते असं ती दहाव्या ओळीत सांगते, तेव्हा त्या श्रद्धेचा धक्का बसतो, कारण तोवर ती एका माणसाविषयी साध्या शब्दांत बोलत होती. पहिल्या ओळीतच ‘भक्ती’ आणली तर समोर माणूस राहत नाही, मूर्ती येते.

‘आवडतोस’ फार हलकं पडतं. ‘माया’ मोठ्यांनी लहानांवर करायची. ‘प्रणय’ कुणी बोलत नाही.

५. ‘दी’: तू

हे सोपं आहे, पण इथं अडणारे मी पाहिलेत. एकोणिसाव्या शतकातली बाई होणाऱ्या नवऱ्याला ‘तू’ म्हणेल का, असं वाटून काही जण ‘तुम्ही’ लिहितात. आपल्याकडच्या त्या काळातल्या घरांत ‘अहो’ असेल, पण ही लंडनमधली बाई आहे आणि तिच्या ओळीतलं ‘दी’ हे जवळच्या माणसाला आणि प्रार्थनेत देवाला उद्देशून येणारं रूप आहे. मराठीत आई, देव आणि जिवलग या तिघांनाही आपण ‘तू’च म्हणतो. याहून नेमकं बसणारं काही नाही. ‘दी’ जुनं आहे म्हणून ‘तुज’ शोधायला जाऊ नका. जुनेपणा ‘तू’मध्ये नाही, पण जवळीक आणि प्रार्थना दोन्ही आहेत. त्या जास्त महत्त्वाच्या.

६. ‘लेट मी काउंट’: कुणी परवानगी मागत नाहीये

‘मला मोजू दे’ यात कुणीतरी आडवं आल्यासारखं वाटतं. ‘मला झोपू दे’, ‘मला बोलू दे’ आपण कधी म्हणतो? कुणी त्रास देत असेल तेव्हा. मूळ ओळीत बाई परवानगी मागत नाही. एखादी गोष्ट सांगायला सरसावताना आपण जरा थांबतो, बोट वर करतो, तसा तो सूर आहे. मराठीत त्यासाठी साधं ‘थांब’ आहे. ‘थांब, सांगते.’ ‘थांब, बघते.’ म्हणून ‘थांब, मोजते.’

‘थांब ना’ करून बघितलं होतं. एका ‘ना’नं बाई एकदम लाडात आली. काढून टाकलं.

‘काउंट’साठी ‘मोजणे’ हाच शब्द, आणि इथं मराठीनं आपल्याला एक देणगी दिली आहे. इंग्रजीत संख्या मोजायला एक शब्द आणि लांबीरुंदी मोजायला दुसरा. आपण आंबेही मोजतो आणि जमीनही मोजतो. पहिल्या ओळीत ‘मोजते’ म्हटलं आणि दुसऱ्या ओळीत लगेच खोली, रुंदी, उंची आली की मराठीत ती एकाच क्रियापदावरून पुढं सरकतात. मूळ ओळीत नसलेला हा सांधा आहे, आणि तो फुकट मिळतो.

पण ‘मोजणे’भोवती दोन खड्डे आहेत. ‘बोटांवर मोजते’ असं लिहावंसं वाटतं, चित्र छान दिसतं. लिहू नका, कारण ‘बोटांवर मोजण्याइतके’ म्हणजे अगदी थोडे. तसंच ‘मोजून’. ‘मोजून चार माणसं आली’ म्हणजे फक्त चारच. ‘मोजूनमापून प्रेम’ तर कंजूष माणसाचं. ‘मोजते’ ठीक आहे, ‘मोजून सांगते’ नको.

शेवटच्या अक्षराकडेही लक्ष द्या. मूळ इंग्रजी ओळ बाईची की पुरुषाची हे शब्दांवरून कळत नाही. मराठीत ‘मोजते’ किंवा ‘मोजतो’ यांपैकी एक निवडावंच लागतं. कवयित्रीची म्हणून ओळ देत असाल तर ‘मोजते’. कार्डावर नवरदेवाच्या बाजूनं हवी असेल तर ‘मोजतो’. दोघांकडून हवी म्हणून काही जण ‘मोजू का?’ करतात. त्यात लिंग कळत नाही हे खरं, पण परवानगी मागणं परत येतं.

७. ‘वेज’: शब्द सोडा, अर्थ ठेवा

‘मार्ग’ म्हटलं की रस्ता. ‘प्रकार’ म्हटलं की एक तर वर्गवारी, नाही तर ‘हा काय प्रकार आहे’. ‘रीती’ बोलण्यात एकवचनीच येते. ‘तऱ्हा’ मला आवडला होता, पण ‘त्याची तऱ्हाच वेगळी’ म्हणताना आपण थोडं हसतो, ते हसू इथं नको. जवळात जवळचा जिवंत शब्द ‘परोपरीनं’. आपण कुणाला परोपरीनं समजावतो, विनवतो. पण परोपरीनं समजावणं हे समोरचा ऐकत नसतानाचं असतं. रॉबर्टला समजवायची काहीच गरज नव्हती.

म्हणून हा शब्द मी अनुवादातून काढून टाकला. ‘कसं कसं’नं त्याचं काम आधीच केलेलं आहे. नवीन अनुवादकाला हेच सगळ्यात अवघड जातं. दहा शब्दांपैकी एकाच्या जागी काहीच दिसत नाही, तेव्हा वाटतं आपण काहीतरी गाळलं. खात्री करण्यासाठी एक गोष्ट करा. तुमची मराठी ओळ ऐकणाऱ्याला विचारा, “काय मोजणार आहे ती?” आई म्हणाली, “कसं कसं प्रेम आहे ते.” म्हणजे शब्द गेला, अर्थ जागेवर होता.

८. ओळ बांधा

आता तुकडे असे जमले: तुझ्यावर, माझं, प्रेम, आहे, कसं कसं, थांब, मोजते. क्रम लावायचा राहिला. माझ्या वहीतले शेवटचे तीन खर्डे:

‘माझं तुझ्यावर कसं कसं प्रेम आहे? थांब, मोजते.’

‘कसं कसं प्रेम माझं तुझ्यावर? थांब, मोजते.’

‘तुझ्यावर माझं प्रेम आहे ते कसं कसं? थांब, मोजते.’

पहिला बरोबर आहे, पण सपाट. दुसऱ्यात अक्षरं मोजा: ‘कसं कसं प्रेम’ सहा, ‘माझं तुझ्यावर’ सहा. अभंगाची चाल लागते आणि पुढचे चरणही सहाचे करावेत असा मोह होतो. मी ‘थांब ना, मोजते’ केलं होतं ते थोडं यासाठीच. तिसरा सहाक्षरी चरण मिळाला आणि चौथा चार अक्षरांचा ‘एक एक’ जोडला की अभंग तयार. पण मग ती ओळ पंढरीच्या वाटेवर निघते. विंपोल स्ट्रीटच्या खोलीतली राहत नाही. शिवाय ‘आहे’ गळाल्यामुळे प्रश्नातला ठामपणाही गेला.

तिसरा मी ठेवला. ‘प्रेम आहे ते’ म्हटलं की आधी प्रेम आहे हे पक्कं झालं, मग ‘कसं कसं’ हा प्रश्न आला. शंकेला जागाच उरली नाही. ही आपल्या बोलण्यातली रोजची बांधणी आहे: ‘तो आला तो कसा’, ‘पैसे दिले ते किती’. ओळ मूळ ओळीपेक्षा लांब आहे, प्रश्न पंधरा अक्षरांचा आणि उत्तर पाच अक्षरांचं. दोन्ही बाजू सारख्या ठेवण्यासाठी मी प्रश्न कापायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि नंतर वाटलं की लांब प्रश्नानंतरचं ते छोटं ‘थांब, मोजते’ जास्त चांगलं थांबवतं.

लिहिताना ‘माझं’, ‘कसं’ असंच लिहा, अनुस्वारासह. ‘माझे प्रेम आहे ते कसे कसे’ असं छापलं की निबंध वाचल्यासारखं होतं. छापखान्यात किंवा डिझाइन करणाऱ्याकडे ‘शुद्धलेखन’ म्हणून हे बदललं जाण्याची शक्यता असते. आमच्या कार्डाच्या पहिल्या नमुन्यावर ‘माझे’ आणि ‘कसं’ असा संकर झाला होता. नमुना एकेक अक्षर लावून तपासा.

९. पुढच्या ओळी लावून बघा

ओळ बरोबर आहे की नाही हे ती ओळ सांगत नाही, तिच्या पुढच्या ओळी सांगतात. मूळ कवितेत ‘आय लव्ह दी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि वाक्याच्या तोंडी येतात. मराठीत क्रियापद शेवटी जात असल्यानं ती आवर्तनं सहसा विरतात. ‘प्रेम आहे ते’ या बांधणीनं ती पुढंच राहतात:

‘तुझ्यावर माझं प्रेम आहे ते मन पोचेल तितकं खोल, तितकं रुंद, तितकं उंच.’

मला सगळ्यात जवळची वाटते ती पाचवी-सहावी ओळ. तिथं ती रोजच्या दिवसाच्या अगदी शांत गरजेबद्दल बोलते, सूर्याच्या आणि मेणबत्तीच्या उजेडात. ‘शांत गरज’ असं मराठीत काही नसतं. तहान लागली, औषधाची वेळ झाली, कुणीतरी शेजारी बसावं असं वाटलं, आणि ते तोंडानं म्हटलं नाही, ती ही गरज. आजारपणात वर्षं काढलेल्या बाईला ती ठाऊक असणारच. म्हणून ‘न बोललेली’. मेणबत्तीनं आपल्याला वीज गेलेली रात्र किंवा वाढदिवस आठवतो. समई घातली तर देवघर येतं. साधा दिवा पुरे:

‘तुझ्यावर माझं प्रेम आहे ते रोजच्या साध्या, न बोललेल्या गरजेइतकं, उन्हात आणि दिव्याच्या उजेडातही.’

सातव्या ओळीच्या ‘फ्रीली’साठी मी आधी ‘राजीखुशीनं’ लिहिलं. तो खरेदीखतातला शब्द आहे. ‘आपणहून’ केलं. शेवटच्या ओळीत ‘मृत्यूनंतर’ जड पडतं आणि ‘मेल्यावर’ आपटतं, ‘मरणानंतर’ बरोबर मधला आहे: ‘देवाच्या मनात असेल, तर मरणानंतर माझं तुझ्यावर आणखीच प्रेम असेल.’ इथं ‘प्रेम’ऐवजी ‘जीव’ घालून एकदा मोठ्यानं वाचा. चौथ्या पायरीत मी काय म्हणत होते ते लगेच कळेल.

या ओळी छापायच्या नसल्या तरी कच्च्या करून बघाच. पहिल्या ओळीतला ‘किती’ आणि ‘जीव’ मला याच ओळींनी सोडायला लावले.

१०. मोठ्यानं वाचून घ्या, स्वतः वाचू नका

आपण लिहिलेली ओळ आपण नेहमी चांगलीच वाचतो, कारण कुठं थांबायचं ते आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याला द्या आणि आधी काही सांगू नका. तो कुठं अडखळतो, कुठं परत मागं जातो, तिथं खूण करा. अडखळला तर शब्द जड आहे. अडखळला नाही पण आवाज बदलला, म्हणजे एकदम भाषण करू लागला, तर ओळीत कुठंतरी पुस्तक शिरलं आहे. माझ्या पहिल्या खर्ड्याच्या वेळी आईचा आवाज शाळेत कविता म्हणताना होतो तसा झाला होता.

शेवटच्या खर्ड्याच्या वेळी ती भाजी निवडत होती. मी कागद समोर धरला. तिनं हात न थांबवता वाचलं, “तुझ्यावर माझं प्रेम आहे ते कसं कसं?” मग हात थांबला. “थांब, मोजते,” असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पुढं काय आहे म्हणून कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.